माईकजवळ ‘प’ फुटू नये, ‘स’ टोचू नये: घरच्या रेकॉर्डिंगसाठी संहिता कशी घडवायची

घरात निवेदन रेकॉर्ड करणाऱ्याला माईकपासून लांब बसणं परवडत नाही. लांब गेलं की भिंतींचा घुमारा येतो, पंखा येतो, शेजारच्या कुकरची शिट्टीही येते. मग आपण वीतभर अंतरावर किंवा त्याहूनही जवळ सरकतो. तिथे माईक जे ऐकतो ते समोर बसलेल्या माणसाला कधीच ऐकू जात नाही. ‘प’ म्हणताना सुटलेला हवेचा झोत थेट माईकच्या आतल्या पडद्यावर आदळतो आणि ‘धप्प’ असा आवाज उमटतो, त्याला पॉप म्हणतात. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना दातांमधून जाणारी हवा कानाला टोचते, तो सिबिलन्स.

पॉप फिल्टर आणि सॉफ्टवेअरबद्दल सगळेच सांगतात. संहिता लिहितानाच यातला मोठा भाग टाळता येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. संहिता तुमची स्वतःची असेल, म्हणजे पॉडकास्ट, किल्ल्याची माहिती, शाळेसाठीचा धडा किंवा व्हिडिओमागचं निवेदन, तर खालची रीत वापरा. दुसऱ्याचं पुस्तक वाचत असाल तर त्याचा एकही शब्द परवानगीशिवाय बदलू नका. तिथे पायरी 1, 2 आणि 7 एवढ्याच तुमच्या कामाच्या.

लागणारं साहित्य

- माईक आणि पॉप फिल्टर
- कान पूर्ण झाकणारे हेडफोन. मोबाईलच्या स्पीकरवर पॉप ऐकूच येत नाही, कारण तो खालच्या पट्टीतला आवाज असतो आणि तो छोटा स्पीकर तिथवर पोचत नाही.
- `Audacity` किंवा तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर
- कागदावर छापलेली संहिता, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून
- लाल आणि निळी पेन्सिल

1. आधी माईक जागेवर आणा

माईक चुकीच्या जागी असेल तर शब्द बदलून काही उपयोग नाही. तोंडापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवा. पॉप फिल्टर माईकला चिकटवू नका, मध्ये चार बोटांची जागा राहू द्या. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांकडे वळवा. तुम्ही सरळ समोर बोललात की हवेचा झोत माईकच्या शेजारून निघून जातो. आवाज मात्र सगळीकडे पसरतो, त्यामुळे तो नीट पकडला जातो. ही जागा ठरली की खाली जमिनीवर किंवा टेबलावर खूण करून ठेवा, कारण चाचणी आणि खरं रेकॉर्डिंग एकाच अंतरावर व्हायला हवं.

2. तुमच्या तोंडातले कोणते आवाज त्रास देतात ते शोधा

हे प्रत्येकाचं वेगळं असतं. दातांत फट असलेल्या माणसाचा ‘स’ शिट्टीसारखा वाजतो, कवळी लावणाऱ्याचा आणखी वेगळा. ‘फ’ काहीजण दोन्ही ओठ मिटून म्हणतात, काहीजण वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. पहिल्या तऱ्हेत स्फोट होतो, दुसरीत नुसता वारा सुटतो.

तळहात ओठांसमोर धरा आणि म्हणा: पाणी, फणस, बाग, भात. हाताला कुठे जास्त हवा लागते ते कळेल. बहुतेकांच्या बाबतीत ‘फ’ आणि ‘भ’ वर येतील, मग ‘प’, आणि ‘ब’ सगळ्यात मवाळ. ‘ब’ म्हणताना स्वरतंतू कंप पावत असतात, त्यामुळे हवा अडत अडत येते. मराठीतला साधा ‘प’ खरं तर बराच गरीब आहे. तो भडकतो जोर दिला की, किंवा ‘पार्ट’, ‘पॉइंट’ असले शब्द इंग्रजी ढंगानं म्हटले की. आता ‘पूल’ आणि ‘पीठ’ म्हणून पाहा. ‘ऊ’ आणि ‘ओ’साठी ओठ गोल होतात आणि हवा फुंकरीसारखी सरळ समोर जाते, म्हणून पू, पो, फू, भो यांच्यावर लक्ष ठेवा.

टोचणाऱ्या आवाजांची परीक्षा हातानं होत नाही, ती रेकॉर्ड करूनच घ्यावी लागते. साखर, शीळ, छत्री, चमचा, उत्साह, अक्षर हे शब्द सावकाश वाचा. ‘चमचा’ या यादीत का, असं वाटेल. त्यातला ‘च’ दातांमागे उच्चारला जातो आणि त्यात ‘त्स’ दडलेला आहे. ‘चोर’, ‘चूक’ आणि ‘माझा’मधला ‘झा’ही त्याच जातीचे. ‘चहा’, ‘चार’ आणि ‘माझी’ त्यामानानं सौम्य.

`Audacity`मध्ये ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून `Spectrogram` निवडलंत तर दोन्ही दोष डोळ्यांना दिसतात. पॉप म्हणजे अगदी तळाशी उमटलेला उजळ डाग. सिबिलन्स म्हणजे वरच्या भागात, साधारण 5,000 ते 8,000 हर्ट्‌झच्या आसपास उभे राहिलेले उजळ खांब. ‘श’चा खांब जरा खालून सुरू होतो. दोन-तीन वेळा पाहिलं की तुमचे नेहमीचे गुन्हेगार ओळखू यायला लागतात.

3. संहिता मोठ्यानं वाचा आणि खुणा करा

खुणा करण्याआधी एक काम: सगळे आकडे अक्षरांत लिहा. कागदावरचा 1660 निरुपद्रवी दिसतो, पण तोंडातून येतो ‘सोळाशे साठ’, म्हणजे सलग तीन घर्षणं. 55 चा ‘पंचावन्न’ होतो, 57 चा ‘सत्तावन्न’. संक्षेपांचंही तसंच, ‘इ.स.’ वाचताना ‘इसवी सन’ होतो.

आता लाल पेन्सिल. प, फ, ब, भ दिसला की लगेच गोल करू नका, नाहीतर सगळा कागद लाल होईल. गोल करा तो वाक्याच्या सुरुवातीला किंवा श्वास घेतल्यानंतर आलेला ओष्ठ्य, कारण तेव्हा छाती हवेनं भरलेली असते आणि पहिल्या अक्षराला सगळा जोर मिळतो. जोड-अक्षरातला ‘प्प’ही गोल करा. ‘गप्पा’ आणि ‘थप्पड’ म्हणताना ओठ जास्त वेळ मिटलेले राहतात आणि आत दाब साचतो. बाकीचे सोडून द्या. ‘कपाट’, ‘उपाय’, ‘घरापर्यंत’ यांतला मधला ‘प’ क्वचितच फुटतो, आणि ‘आंबा’, ‘लांब’मधला ‘ब’ तर जवळजवळ कधीच नाही, कारण आधी हवा नाकातून निघून गेलेली असते.

निळी पेन्सिल एकट्या ‘स’साठी वापरायची नाही. एका दमात तीन-चार स, श, छ, च्या आले की त्या पूर्ण तुकड्याखाली रेघ मारा. एकटा ‘स’ कुणाच्या कानाला टोचत नाही, रांग टोचते. ‘सी’ आणि ‘से’ हे ‘सू’ आणि ‘सो’पेक्षा धारदार असतात, तेवढं लक्षात ठेवा.

4. ‘स’ काढायचा तर व्याकरणातून काढा

नवखा माणूस ‘साखर’, ‘शाळा’ अशा नामांना पर्याय शोधत बसतो, आणि त्यांना पर्याय नसतोच. मराठी वाक्यातले बहुसंख्य ‘स’ आणि ‘च’ नामांत नसून जोडकामात असतात. तिथे हात घातला की अर्थाला धक्का न लागता निम्मी रांग विरते, आणि वाक्यही बोलल्यासारखं होतं.

सगळ्यात मोठं कोठार म्हणजे ‘असणे’. असल्यामुळे, असल्यास, असूनसुद्धा, असलेल्या, नसल्याचे. लेखी मराठीत ही रूपं सवयीनं पडतात. ‘रस्ता बंद असल्यामुळे आम्ही थांबलो’ याचं ‘रस्ता बंद होता, म्हणून आम्ही थांबलो’ करा. ‘वेळ असल्यास या’ याचं ‘वेळ मिळाला तर या’. ‘थंडी असूनसुद्धा’ याचं ‘थंडी होती तरी’. ‘असते’ जिथे ‘आहे’नं भागत असेल तिथे भागवा, मात्र नेहमी घडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलत असाल तर ‘असते’ राहू द्या. ‘आत्ता ऊन आहे’ आणि ‘इथे ऊन असतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं कोठार षष्ठीची साखळी: ‘गडाच्या पायथ्याशी असलेल्या गावाच्या वेशीच्या बाहेर’. याचं ‘गडाखालच्या गावात, वेशीबाहेर’ होतं. तिसरं, ‘सैन्यास’, ‘गावास’ यांतला ‘स’ प्रत्यय. बोलताना आपण ‘ला’च म्हणतो, मग संहितेतही ‘ला’ लिहा. जोर देणारा ‘च’ आणि ‘सुद्धा’ही तपासा: ‘त्याचवेळेससुद्धा’ऐवजी ‘तेव्हाही’ पुरतं.

एवढं करून उरलेल्या रांगांसाठी शब्द बदलायचे. मला वारंवार उपयोगी पडलेल्या जोड्या या: समजलं – कळलं, उमगलं, शेवटी – अखेर, शांत – निवांत, स्पष्ट – उघड, उपस्थित – हजर, विश्वास – खात्री. शेवटची जोडी जपून वापरा. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ या वाक्यात ‘खात्री’ घातली तर नातंच बदलतं.

5. पॉपसाठी आधी जागा बदला, मग शब्द

मराठीत वाक्यातले शब्द बऱ्यापैकी हलवता येतात, त्याचा फायदा घ्या. ‘पावसात आम्ही भिजलो’ याचं ‘आम्ही पावसात भिजलो’ केलं की ‘पा’ श्वासानंतर न येता स्वरानंतर येतो आणि फुटत नाही. वाक्याची सुरुवात अ, आ, ए, म, न, ल, र, ग, व यांनी झाली तर माईकला काही कळतसुद्धा नाही.

‘पण’ आणि ‘परंतु’ हे सुरुवातीला बसणारे शब्द तर सतत येतात. त्यांच्याऐवजी ‘मात्र’ वापरा, म्हणजे दुहेरी लाभ होतो, कारण ‘मात्र’ वाक्यात दुसऱ्या जागी बसतो. ‘पण रात्री वारा पडला’ याचं ‘रात्री मात्र वारा पडला’. तीच गोष्ट ‘प्रिय श्रोतेहो’ची. कितीतरी भागांची सुरुवात याच दोन शब्दांनी होते: पूर्ण श्वास, मग ‘प्रि’, मग ‘श्रो’. ‘नमस्कार मंडळी’ म्हणा आणि मोकळे व्हा.

जागा बदलून भागलं नाही तर शब्द. ‘प्र’नं सुरू होणाऱ्या तत्सम शब्दांना बहुधा सोपा जोडीदार मिळतो: प्रथम – आधी, प्रत्येक – एकेक, दर, प्रचंड – अवाढव्य, प्रसिद्ध – नामांकित. बाकीच्यांचंही तसंच: फक्त – केवळ, पर्वत – डोंगर, पूर्वी – आधी. बदलताना एक सापळा असतो: ‘प्रयत्न’ काढून ‘खटपट’ घातली तर आवाज सुधारतो, पण ‘शास्त्रज्ञांनी खटपट केली’ हे वाक्य थोडं मिश्कील होतं. मोठ्यानं वाचून स्वतःला हसू आलं तर मूळ शब्द ठेवा. दुसरा सापळा म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं, जसं ‘प्रारंभ’ काढून ‘सुरुवात’ घालणं. तिथे ‘आरंभ’ आहे ना.

6. एक उदाहरण, पूर्ण

मुद्दाम अवघड विषय घेऊ, जिथे नावंच ओष्ठ्य आणि शकारांनी भरलेली आहेत: पन्हाळा, पावनखिंड, बाजीप्रभू, शिवाजी महाराज, सिद्दी जौहर, विशाळगड. पहिला मसुदा असा:

> प्रिय श्रोतेहो, 1660 साली सिद्दी जौहरच्या प्रचंड फौजेने पन्हाळ्याच्या पायथ्याशी वेढा घातल्यामुळे शिवाजी महाराजांसमोर पेचप्रसंग उपस्थित झाला. पावसाळा सुरू झाला असूनसुद्धा परिस्थितीत फरक पडत नसल्याचे स्पष्ट दिसत होते. शेवटी 12 जुलैच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले. पाठलाग करणाऱ्या सैन्यास बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत रोखून धरले.

वाचून पाहा. श्वासानंतर येणारे तीन लाल गोल: प्रिय, पावसाळा, पाठलाग. निळ्या रेघा जवळजवळ सगळीकडे, आणि दुसरं वाक्य तर सबंध निळं. आता बदललेला:

> नमस्कार मंडळी. वर्ष सोळाशे साठ. सिद्दी जौहरनं पन्हाळगडाला करकचून वेढा घातला होता. महाराज गडावर अडकले होते. आषाढ उजाडला, धो धो पाऊस लागला, तरी वेढा काही ढिला होईना. अखेर बारा जुलैच्या रात्री महाराज गड उतरले. मागावर गनीम होता. घोडखिंड अडवून बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले.

नावांना दुसरे शब्द शोधले नाहीत, फक्त ओष्ठ्य नावं वाक्याच्या सुरुवातीला येऊ दिली नाहीत. ‘पन्हाळगड’ वाक्याच्या मध्यातच राहिला. ‘अडवून बाजीप्रभू’ एका दमात म्हणताना ‘न’ आणि ‘ब’ मिळून जवळपास ‘म्ब’ होतात आणि ‘बा’ आपोआप मऊ पडतो. तिथे मध्ये थांबू नका, थांबलात तर ‘बा’ पुन्हा मोकाट सुटेल. ‘पाऊस’ला ‘प’ही आहे आणि ‘स’ही, पण त्याच्या आधी ‘धो’चा स्वर आहे आणि पुढे ‘लागला’. ‘धो धो पाऊस’ म्हणून थांबलात तर शेवटचा ‘स’ हवेत लोंबकळत राहतो. ‘फौज’, ‘पेचप्रसंग’, ‘परिस्थिती’ गेले, आणि कथा काही अडली नाही.

‘सोळाशे साठ’ तसाच राहिला. वर्ष सांगायलाच हवं, म्हणून त्याला स्वतंत्र छोटं वाक्य दिलं: सावकाश आणि खालच्या आवाजात म्हणायचं, त्या वाक्यात दुसरा ‘स’ नाही. महाराजांचं पूर्ण नाव भागात एकदा पूर्ण मानानं घ्यावं, ते या गर्दीच्या परिच्छेदात कोंबण्यापेक्षा आधीच्या प्रस्तावनेत घ्या. आणि ‘पावनखिंड’ कथेच्या शेवटी येते: ‘तीच आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते.’ पुन्हा ‘पा’ मध्यात.

7. दोन्ही मसुदे रेकॉर्ड करून ताडून पाहा

पूर्ण भाग रेकॉर्ड करायच्या आधी एकच परिच्छेद दोन्ही तऱ्हांनी बोला. अंतर तेच, आवाजाची पातळी तीच. हेडफोन लावून ऐका आणि `Spectrogram`मध्ये तळाचे डाग मोजा. ऐकताना नुसता कच्चा आवाज ऐकू नका. तुम्ही कॉम्प्रेसर वापरत असाल तर तो लावूनही ऐका. कॉम्प्रेसर मोठे स्वर दाबतो आणि मग एकूण पातळी चढवली की ‘स’ पुढे येतो. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये सभ्य वाटलेला ‘स’ तिथे टोचायला लागतो.

तरीही एखादा पॉप राहिला तर तो शब्द म्हणतानाच मान जरा बाजूला वळवा, किंवा फक्त त्या ठिकाणी `High-Pass Filter` 80 हर्ट्‌झवर लावा. बराचसा ठोका त्याच्या खाली असतो आणि बोलण्याचा मुख्य भाग वर, त्यामुळे आवाज पातळ होत नाही. टोचणाऱ्या ‘स’साठी डी-एसर असतो, तो हलक्या हातानं. जास्त दाबला तर ‘साखर’ बोबडी होते, आणि ते ऐकणाऱ्याला मूळ टोचण्याहून जास्त खटकतं. संहितेत रांगा आधीच मोडल्या असतील तर डी-एसरची पाळी क्वचितच येते.

सगळे ‘स’ आणि ‘प’ हाकलायच्या नादाला मात्र लागू नका. एका पानात पाच-सहा बदल पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर पायरी 1 वर परत जा, तुमचा माईक बहुधा अजून तोंडाच्या अगदी समोर आहे.